आप्पांचं FYI आणि रावेरचा कंटेनर

मार्च महिन्यातला बुधवार. रावेर तालुक्यातल्या आमच्या पॅकहाऊसवर दुबईसाठी केळीचा एक कंटेनर भरायचा होता. चाळीस फुटी रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारा कंटेनर, १३ किलोच्या १५४० पेट्या, दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरायच्या. माल उत्तम होता, गाडी वेळेवर आली होती, मजूर पूर्ण होते. तरीही ती केळी ठरलेल्या जहाजावर चढली नाहीत. ती का चढली नाहीत याचा शोध मी नंतर घेतला, तेव्हा हातात चार छोट्या मेल आल्या. त्यांतली सगळ्यात लांब दोन ओळींची होती आणि सगळ्यात छोटी तीन अक्षरांची.

मी जळगावच्या ऑफिसात एक्स्पोर्टचे कागद आणि बँकेचं काम पाहते. मालक आप्पा. पॅकहाऊसची सगळी जबाबदारी नानांवर. आणि शिपिंगचे फॉर्म भरायला वर्षभरापूर्वी लागलेला एक मुलगा, कॉमर्स झालेला, कामाला चांगला. नवी मुंबईतला फॉरवर्डर आमच्यासाठी जहाजावर जागा धरतो. एवढीच पाच माणसं या प्रकरणात आहेत आणि त्यांतली एक मीच आहे, हे आधीच कबूल करते.

सकाळी ११:४२ ला फॉरवर्डरची मेल आली, फक्त आप्पांच्या नावाने, कारण बुकिंग त्यांच्या नावावर होतं.

```
Vessel cut-off advanced by line.
Pls submit SI and VGM by EOD today.
```

एसआय म्हणजे शिपिंग इन्स्ट्रक्शन. माल कोणाचा, कोणाला, किती पेट्या, बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजाच्या मालपावतीवर, काय छापायचं, हे सगळं त्यात जातं. व्हीजीएम म्हणजे भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं एकूण वजन. १ जुलै २०१६ पासून हे वजन कळवल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढवता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियम आहे, त्यात कोणाची ओळख चालत नाही. या दोन्ही गोष्टी आधी गुरुवारी संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या. लाइनने, म्हणजे जहाज कंपनीने, मुदत एक दिवस अलीकडे ओढून आजच्या EOD वर, म्हणजे दिवसाअखेरवर, आणली, म्हणून ही मेल.

आप्पा त्या वेळी एका बागेत कापणी बघत होते. १२:२० ला त्यांनी ती मेल फोनवरूनच पुढे ढकलली. `To` मध्ये मुलगा, `Cc` मध्ये नाना आणि मी. वर लिहिलं:

```
FYI
```

१२:३१ ला मुलाचं सगळ्यांना उत्तर आलं, `Noted.` ते पाहून आप्पांनी १२:४० ला फॉरवर्डरला कळवलं, `Noted, will send by EOD.` आणि फोन खिशात टाकला.

त्यानंतर काय झालं ते सरळ आहे. पेट्या भरायला दुपारी दोनला सुरुवात झाली, दार बंद व्हायला रात्रीचे साडेआठ वाजले. गाडी सव्वानऊला वजनकाट्यावर गेली. काट्याची पावती नानांनी मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. मुलगा घरी जाऊन जेवला, लॅपटॉप उघडला आणि १०:४० ला एसआय आणि व्हीजीएम दोन्ही व्यवस्थित भरून पाठवून दिले. त्याच्या हिशोबाने दिवस संपायला अजून एक तास वीस मिनिटं होती. लाइनची खिडकी संध्याकाळी सातलाच बंद झाली होती.

मधे एक संधी आली होती. साडेपाचला फॉरवर्डरने आप्पांना फोन केला होता. आप्पा म्हणाले, "पोराला सांगितलंय, होऊन जाईल." खोटं काही बोलले नाहीत. त्यांच्याकडे त्या `Noted` चा आधार होता.

दुसऱ्या दिवशी कळलं की कंटेनर पुढच्या जहाजावर टाकलाय, चार दिवसांनी. तोवर तो न्हावाशेव्याला प्लगवर उभा राहणार. रीफर चालू ठेवायचा म्हणजे विजेचं भाडं दिवसागणिक चढतं. पण खरा खर्च भाड्याचा नसतो. केळी हिरवी कापलेली असतात आणि साधारण १३ ते १४ अंशांवर ठेवून त्यांना झोपवून नेतात. तापमान त्याच्या खाली नेलं तर साल काळवंडते, वर गेलं तर पिकायला लागतात. म्हणजे थंडी वाढवून वेळ विकत घेता येत नाही. चार दिवस बंदरावर गेले ते दुकानात विकायच्या दिवसांतूनच वजा झाले. खरेदीदाराने भावात कापलं आणि आम्ही भांडलो नाही, भांडायला जागा नव्हती.

शुक्रवारी आप्पांनी सगळ्यांना बोलावलं. पहिल्या दहा मिनिटांत जे व्हायचं तेच झालं. आप्पा मुलाला म्हणाले, "अरे, मी तुला मेल पाठवली ना?" मुलगा म्हणाला, "आप्पा, मी EOD च्या आत पाठवलंय, वेळ बघा." नाना दोन्ही हात वर करून म्हणाले, "मले त कोणी सांगतलंच नाही. माह्यं नाव खाली होतं." मी गप्प होते. मी त्या दिवशी चोपड्याला लग्नात होते. मेल मला मांडवात आली होती, मी उघडली होती, `Cc` मध्ये माझं नाव दिसलं आणि मी फोन पर्समध्ये टाकला होता.

मग मी चारही मेल छापून टेबलावर एकाखाली एक ठेवल्या आणि प्रत्येक अक्षराने वाचणाऱ्याकडे काय मागितलं, एवढंच बघायचं ठरवलं. कोण चुकलं ते नंतर. असं वाचल्यावर एक गमतीची गोष्ट दिसली. प्रत्येकाने आपापल्या अक्षरांना धरून बरोबर तेच केलं होतं.

आधी ते FYI. तुमच्या माहितीसाठी, बस्स. वाचणाऱ्याने काही करायचं नाही, उत्तरही द्यायचं नाही. मुलाने ते तसंच घेतलं. पण त्या तीन अक्षरांच्या खाली, त्याच मेलमध्ये, फॉरवर्डरची आज्ञा पडली होती, आजच्या आज द्या. वर "नुसतं वाच" आणि खाली "आजच कर." फॉरवर्ड केलेल्या मेलमध्ये हे नेहमी होतं. वाचणारा वरची ओळ बघतो, कारण ती त्याच्या माणसाची असते. खालचं त्याला दुसऱ्याला लिहिलेलं पत्र वाटतं. पाठवणाऱ्याच्या मनात खालची ओळच मुख्य असते आणि वरचं FYI हे नुसतं "हे घे" अशा अर्थाने टाकलेलं असतं. आप्पांना मी विचारलं तेव्हा ते प्रामाणिकपणे म्हणाले, "मी काही लिहायचं म्हणून लिहिलं. रिकामी मेल बरी दिसत नाही."

इथे मला माझे वडील आठवले. ते पंचायत समितीत लिपिक होते. सरकारी पत्राच्या तळाशी "प्रत" म्हणून यादी असते, ती ते घरीसुद्धा वाचून दाखवायचे, कारण त्यातल्या एका शब्दावर त्यांचं काम ठरायचं. वरच्या साहेबाला प्रत जाते ती "माहितीस्तव सविनय सादर." ज्याने काम करायचं त्याला जाते ती "माहिती व आवश्यक कार्यवाहीसाठी." एकाच पत्राच्या दोन प्रती, एकीत काम आहे, दुसरीत नाही, आणि हे नावासमोर लिहिलेलं असतं. आपल्याकडे लोक सरकारी भाषेला हसतात. मीही हसायचे. पण आप्पांच्या FYI ने नेमका तो "व आवश्यक कार्यवाहीसाठी" एवढा तुकडा गिळला होता आणि त्याच्यासोबत आमचं जहाज गेलं. ऑफिसात काही लोक FYA असं लिहितात, म्हणजे कार्यवाहीसाठी. मात्र आमच्या मुलाला ते माहीत नव्हतं आणि नानांना कळलं नसतं. जे संक्षेप वाचणाऱ्याला माहीत नाही ते वापरून दोन सेकंद वाचतात आणि दोन तास जातात.

आता `Cc`. हे मूळचं कार्बन कॉपी. टाइपरायटरच्या कागदाखाली कार्बन घालून निघालेली दुसरी प्रत, म्हणजे पुन्हा आपली "प्रत"च. ई-मेलचे तांत्रिक नियम ज्यात लिहिलेत, त्यांतही फरक स्पष्ट केलेला आहे: `To` मधले मुख्य वाचणारे, आणि `Cc` मधले असे की मजकूर त्यांना उद्देशून असेलच असं नाही. म्हणून नाना आणि मी जे केलं ते चुकीचं म्हणता येणार नाही. `Cc` मधल्या माणसाकडून अपेक्षा एवढीच असते की त्याने विषय डोळ्याखालून घालावा, पुढे कोणी विचारलं तर "मला माहीतच नाही" म्हणू नये.

पण त्या दिवशीचं निम्मं काम नानांच्या हातात होतं. वजन त्यांच्याकडून यायचं होतं. आप्पांनी त्यांना `Cc` मध्ये टाकलं, कारण त्यांच्या डोक्यात नाना "त्या पोराला मदत करतील" असं होतं. मदत करायची असते तेव्हा माणूस `To` मध्ये लागतो आणि त्याच्या नावाने एक वाक्य लागतं. `Cc` मध्ये ठेवलेल्या माणसाला मदत मागितलेली नसते, साक्षीला उभं केलेलं असतं. आपल्याकडे `Cc` चा अजून एक वापर आहे, तो सगळे जाणतात पण बोलत नाहीत: मोठ्या माणसाला प्रत टाकली की समोरच्यावर दाब येतो. त्या वापराने `Cc` इतकं मळलंय की खरोखर माहितीसाठी टाकलेल्या प्रतीकडेही लोक संशयाने बघतात किंवा बघतच नाहीत. माझ्या पेटीत रोज येणाऱ्या मेलमध्ये अर्ध्याहून जास्त ठिकाणी मी `Cc` मध्ये असते. मांडवात मी फोन बंद केला तो काही आळसाने नाही, सवयीने.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही EOD वर घालवला, आणि तो घालवण्यासारखाच होता. दिवसाअखेर म्हणजे कोणाचा दिवस? मुलासाठी रात्रीचे बारा, कारण तो जेवल्यावर काम करतो आणि कॉलेजात असाइनमेंटचं पोर्टल ११:५९ ला बंद व्हायचं. फॉरवर्डरसाठी संध्याकाळचे सहा, कारण सातला लाइन खिडकी बंद करते आणि त्याला स्वतःला तासभर लागतो. नानांना विचारलं तर ते म्हणाले, "गाडी सुटली की दिवस संपला." आणि आप्पांच्या उत्तरात तेच EOD परत गेलं होतं, कुठलाही आकडा न लावता. दोघांनी एकच शब्द वापरला म्हणजे दोघांचं एकमत झालं असं फॉरवर्डरला वाटलं, आप्पांनाही वाटलं.

आणि इथे एक बारीक गोष्ट आहे, जी मला त्या टेबलावरच कळली. EOD चा अर्थ सहा वाजता असा घेतला असता, तर वजन काढायची पद्धतच बदलली असती. व्हीजीएम दोन प्रकारे देता येतं. एक, भरलेला कंटेनर काट्यावर नेऊन. दुसरा, आतल्या मालाचं पॅकिंगसकट वजन धरून त्यात रिकाम्या कंटेनरचं वजन मिळवून. ते रिकामं वजन दारावर छापलेलंच असतं, `TARE` म्हणून. आमच्या पॅकहाऊसवर पेटी बंद होताना शिक्का मारलेल्या वजनकाट्यावरून जाते, म्हणजे पेटीचं वजन आमच्याकडे असतंच. नानांनी त्या दिवशीचं पान काढलं: पुठ्ठ्यासकट पेटी १४ किलो. १५४० पेट्यांचे २१,५६० किलो. दारावर ४,६८० किलो. बेरीज २६,२४० किलो. पॅलेट नव्हत्या, पेट्या सुट्या रचल्या होत्या, म्हणून त्यात आणखी काही मिळवायचं नव्हतं. ही बेरीज दुपारी तीनलाच करता आली असती. कंटेनर आवारातच उभा होता, पेट्यांचा आकडा सकाळीच ठरला होता. प्रत्येक लाइन ही पद्धत चालवून घेईलच असं नाही, काहींना काट्याचीच पावती हवी असते. पण त्यासाठी दुपारी फॉरवर्डरला एक फोन पुरला असता. तो फोन कोणी केला नाही, कारण मुलाच्या हिशोबाने घाई नव्हती. त्याच्या EOD मध्ये काट्याला जाऊन येण्याइतकी जागा होती.

मुलगा ती बेरीज बघत बराच वेळ बसला. मग म्हणाला, "ताई, मला कोणी सहा म्हटलं असतं तर मी दुपारीच नानांना विचारलं असतं." मला ते खरं वाटलं.

राहिलं `Noted`. हे संक्षेप नाही, पण ऑफिसात ते संक्षेपासारखंच वापरतात. मुलाने लिहिलं तेव्हा त्याचा अर्थ होता "वाचलं." FYI ला दुसरं काय उत्तर देणार? आप्पांनी वाचलं तेव्हा त्याचा अर्थ झाला "करतो." आणि आप्पांनी तेच फॉरवर्डरला लिहिलं तेव्हा ते वचन झालं. एकच शब्द नऊ मिनिटांत दोन पायऱ्या चढला आणि चढताना कोणी काही मिळवलं नाही. खेड्यात निरोप देताना माणूस विचारतो, "मग काय सांगू त्यांना?" तो प्रश्न मेलमध्ये कोणी विचारत नाही.

शेवटी मी आप्पांना एकच काम करायला लावलं. त्याच मेलवर, आता परत फॉरवर्ड करायची असती तर काय लिहिलं असतं, ते तिथेच फोनवर टाइप करा. त्यांना दोन मिनिटं लागली. इंग्रजीत सुरू केलं, खोडलं, मग मराठीत लिहिलं:

```
नाना, पेट्यांचं वजन आणि टेअर ३ वाजेपर्यंत पाठवा.
एसआय, व्हीजीएम आज ५ च्या आत तू भर. भरलं की मला फोन कर.
ताई फक्त माहितीसाठी.
```

नाना `To` मध्ये गेले. मी `Cc` मध्येच राहिले, पण आता मला माहीत होतं की मी तिथे का आहे. सहाऐवजी पाच का लिहिलं, विचारलं तर आप्पा म्हणाले, "फॉरवर्डर एक तास हातचा ठेवतो, मग आपण पण ठेवायचा." FYI त्यांनी टाकलंच नाही. मला वाटतं FYI वाईट नाही, फक्त त्याची जागा लहान आहे. जहाज वेळेवर पोहोचलं, खरेदीदाराने पैसे पाठवले, बंदरावर संप मिटला, अशा बातमीवर ते शोभतं. ज्या मेलच्या पोटात तारीख किंवा वेळ आहे तिच्यावर ते टाकू नये, एवढी एक गोष्ट आम्ही भिंतीवर न लिहिता पाळतो.

EOD मात्र आमच्या हातात पूर्ण नाही, कारण ते बाहेरून येतं. पुढच्याच महिन्यात दुबईहून खरेदीदाराच्या ऑफिसची मेल आली: बिल ऑफ लेडिंगचा ड्राफ्ट शुक्रवारी EOD पर्यंत तपासून कळवा. मुलगा आता सावध झालेला. त्याने हिशोब मांडला: दुबईचं घड्याळ आपल्या मागे दीड तास, त्यांचे सहा म्हणजे आपले साडेसात, भरपूर वेळ आहे. मी त्याला थांबवलं. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ च्या सुरुवातीपासून शनिवार-रविवार सुट्टी आणि सरकारी ऑफिसांना शुक्रवारी अर्धा दिवस असतो, दुपारी बारापर्यंत. खाजगी ऑफिसं काय करतात ते ज्याचं त्याचं. त्यांचे बारा म्हणजे आपले दीड. साडेसात आणि दीड, एकाच शब्दात दोन वेळा बसत होत्या आणि दोन्ही बरोबर असू शकत होत्या.

त्याने विचारलं, "मग आपण दीड धरायचं का?" धरायचं कशाला, विचार ना. त्याने मेल लिहिली, एकच ओळ: शुक्रवारी तुमच्या घड्याळाने किती वाजेपर्यंत? उत्तर पंधरा मिनिटांत आलं. अकरा. आपले साडेबारा. आमच्या दोघांचाही अंदाज चुकला होता.

ड्राफ्ट गुरुवारी रात्रीच तपासून गेला. खरेदीदाराच्या माणसाचं शुक्रवारी सकाळी उत्तर आलं, `Noted, tks.` मुलाने लगेच फोन उचलला आणि त्याला विचारलं, "मंजूर समजू ना?"